कॅरॅमल पुडिंगला कडेनं आणि तळाला भोकं पडतात, पाणी सुटतं, चिवट होतं. नेमकं कुठं बिघडतंय?

शाहूपुरीची_स्वाती

नमस्कार मंडळी. अंड्याचं कॅरॅमल पुडिंग ओव्हनशिवाय, कुकरमध्ये वाफवून करते. डब्यात असताना वरून चांगलं दिसतं. ताटात उलटं केलं की कडेला सगळीकडं भोकं असतात, आणि डब्याचा जो तळ वर येतो तिथंही तसंच. अर्ध्या तासात ताटात कॅरॅमलशिवाय वेगळं पाणीही साठतं. खाताना मऊ लागत नाही, चावावं लागतं.

प्रमाण असं : म्हशीचं दूध अर्धा लिटर (उकळून गार केलेलं), अंडी ५, साखर ६ चमचे, थोडा व्हॅनिला. सगळं मिक्सरला एकदा फिरवते. ६ इंची ॲल्युमिनियमचा केकचा डबा, आधी कॅरॅमल, वरून मिश्रण. कुकरमध्ये जाळीवर डबा, शिट्टी काढून झाकण लावून मध्यम गॅसवर ३५ मिनिटं. मधोमध सुरी घालून बघते, कोरडी आली की गॅस बंद, आणि कुकर गार होईपर्यंत डबा आतच ठेवते.

यातलं काय बदलू?

---

राजारामपुरी_७वी_गल्ली

मिक्सर बंद करा, उत्तर तिथंच आहे. मिक्सरनं मिश्रणात हवा कोंबली जाते, तीच हवा वाफेवर फुगते आणि भोकं पडतात. काट्यानं हलकं फेटा, चहाच्या गाळणीनं दोनदा गाळा, भोकं शंभर टक्के जाणार. बाकी वेळ, गॅस सगळं तसंच राहू दे.

---

पैलवान_खवय्या

ताई, एवढा कुटाणा कशाला? कस्टर्ड पावडर घ्या, दोन चमचे गार दुधात कालवा, उकळत्या दुधात घाला आणि हलवत राहा. भोकं पडायचा प्रश्नच येत न्हाई. गुठळी झाली तर गाळून घ्या. आमच्याकडं फ्रूट कस्टर्ड असंच लई भारी होतंय.

---

ओटा_आणि_आधण

पैलवानदादा, ते वेगळं काम. कस्टर्ड पावडर म्हणजे रंग-वासाचं कॉर्नफ्लोअर, ते उकळल्याशिवाय दाट होत नाही. स्वातीताईंच्या पुडिंगमध्ये दूध धरून ठेवायचं काम एकटी अंडी करतात, आणि अंड्यांना उकळी चालत नाही. एकाला जे हवं तेच दुसऱ्याला नको.

स्वातीताई, तुम्ही भोकं कुठं आहेत ते नीट सांगितलंत, त्यामुळं बरंच कळलं. भोकं दोन जातीची असतात. फेसाची भोकं बारीक, गोल असतात आणि बहुतेक वरच्या थरात दिसतात, कारण फेस वर तरंगतो. जास्त उष्णतेची भोकं डब्याच्या भिंतीला आणि तळाला चिकटून असतात, आकारानं वेडीवाकडी, लांबट, आणि त्यांच्यात पाणी भरलेलं असतं. तुमची भोकं कडेला आणि तळाला आहेत, वर पाणी सुटलंय, खायला चिवट आहे. म्हणजे मुख्य दोष जास्त शिजल्याचा. राजारामपुरीकरांचं मिक्सरबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, पण नुसतं गाळून ही भोकं जाणार नाहीत.

आता कारण. तुमच्या प्रमाणातलं मिश्रण साधारण ८० अंशाला धरतं. ८५ च्या पुढं गेलं की अंड्यातल्या प्रथिनांची जाळी आवळायला लागते आणि धरून ठेवलेलं दुधातलं पाणी बाहेर पिळून निघतं. त्यात अडकलेली हवा आणि वाफ वाट काढते, आणि तोवर भोवतीचं पुडिंग घट्ट झालेलं असल्यानं ती वाट भोक म्हणून तशीच राहते. चिवटपणा, पाणी आणि भोकं या तीन वेगळ्या तक्रारी नाहीत, तिन्हीचं मूळ एकच.

कोल्हापुरात आपल्या उंचीवर पाणी ९८ अंशाच्या आसपास उकळतं. शिट्टी काढली तरी रबर लावून बंद केलेला कुकर आतून उकळत्या वाफेनं पूर्ण भरलेला असतो. पातळ ॲल्युमिनियमचा डबा ती उष्णता लगेच आत देतो. मधला भाग अजून ७० वर असताना कड ९५ च्या जवळ पोचलेली असते. तुम्ही मधोमध सुरी कोरडी यायची वाट बघता, तोवर कडेचं केव्हाच बिघडलेलं असतं. वर पुन्हा गरम कुकरात गार होईपर्यंत ठेवता, म्हणजे शिजणं चालूच.

---

राजारामपुरी_७वी_गल्ली

मग वेळ कमी करायचा ना? ३५ च्या जागी २५ मिनिटं. एवढंच.

---

ओटा_आणि_आधण

त्याच आचेवर २५ मिनिटांत काढलं तर कड शिजलेली आणि मध्य कच्चा निघेल. ताटात उलटलं की फुटेल. वेळ कमी करून कड आणि मध्य यांच्यातला फरक कमी होत नाही. आच कमी केली तर होतो. वेळ उलट वाढतो, पण वाढू द्यायचा.

स्वातीताई, तुमच्याच डब्यासाठी लिहिते.

दूध उकळून झाल्यावर मोजून ५०० मिली घ्या. कच्चं अर्धा लिटर घेऊन बराच वेळ उकळलं तर दूध आटतं, आणि मग अंड्यांचं प्रमाण नकळत वाढतं. साय काढून टाका, सायीचे तुकडे गाळणीत अडकतात आणि राहिले तर पुडिंगला रेघा पडतात. अंडी ४, म्हणजे टरफलाशिवाय साधारण २०० ग्रॅम. गावठी अंडी लहान असतात, ती ५ लागतील. म्हणून मोजणीपेक्षा वजन बरं. साखर ९० ग्रॅम. साखर कमी केली की पुडिंग लवकर आवळतं, त्यामुळं गोड कमी हवं असलं तरी ७० च्या खाली नको.

कॅरॅमलसाठी वेगळी ७५ ग्रॅम साखर आणि दोन मोठे चमचे पाणी. तांबूस तपकिरी झालं की डब्यात ओतून डबा फिरवा आणि पूर्ण गार होऊ द्या. तापलेल्या कॅरॅमलवर मिश्रण ओतलं तर तळाचा थर तिथंच शिजायला लागतो.

दूध बोट सहज बुडवता येईल इतकं कोमट करा, साखर त्यातच विरघळवा. अंडी खोलगट भांड्यात फोडून काट्यानं फोडत कालवा. काटा भांड्याच्या तळाला टेकलेला राहू द्या, वर उचलून आपटू नका. पांढरा बलक तुटला की पुरे. मग कोमट दूध हळूहळू ओतत हलवा, बारीक गाळणीनं दोनदा गाळा. गाळणीत पांढऱ्याचे धागे आणि गाठी राहतील, त्या फेकून द्या, दाबून खाली घालू नका. मिश्रण २० मिनिटं तसंच ठेवा. वर आलेला फेस चमच्यानं काढा, उरलेल्या फुग्यांवर टिश्यू पेपर अलगद टेकवून उचला.

कुकरचं झाकण आणि रबर बाजूला ठेवा. कुकरच्याच भांड्यात जाळी, जाळीवर घडी घातलेलं जाड फडकं, त्यावर डबा. पाणी आधी तापवून डब्याच्या निम्म्या उंचीपर्यंत ओता. डब्याला फॉइल घट्ट लावा. वरून साधं ताट झाका, आणि ताट व कुकरच्या काठात लाकडी चमचा अडकवून फट ठेवा. गॅस सगळ्यात लहान बर्नरवर बारीक. पाण्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसले पाहिजेत, पण पाणी उसळता कामा नये. डबा खडखडायला लागला की समजा आच जास्त आहे.

६ इंची डब्यात हे मिश्रण साधारण ४ सेंटीमीटर उंच भरतं. त्याला ४० ते ५० मिनिटं लागतील. ३५ व्या मिनिटापासून बघायला लागा.

---

हर्षद_भट्टीवाला

वरचं सगळं बरोबर. ताटाची फट का, ते लिहितो, कारण बरेच जण ती गाळतात. फटीतून वाफ बाहेर जाते, गार हवा आत येते आणि आतली उष्णता ८५-९० वर राहते. पूर्ण झाकलं की पुन्हा ९८.

ओव्हनवाल्यांसाठी : १५० ते १६० अंश, मोठ्या ट्रेमध्ये गरम पाणी डब्याच्या निम्म्यापर्यंत, ट्रेला वरून झाकण नको. पाण्याची वाफ उडत राहिली की पाणी स्वतः थंड राहतं, उकळत नाही. ट्रे फॉइलनं बंद केला की पाणी उकळायला लागतं, आणि भोकं परत.

थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७८-८० दिसलं की काढायचं. बाहेर काढल्यावर साठलेल्या उष्णतेनं अजून थोडं चढतं. थर्मामीटर नसेल तर डबा पकडून हलकं हलवायचं. कड स्थिर आणि मधला रुपया-दोन रुपयांएवढा भाग जेलीसारखा थरथरला पाहिजे. पाण्यासारखी लाट आली तर कच्चं, काहीच हललं नाही तर उशीर झाला. सुरी घालायचीच असेल तर कड आणि मध्य यांच्या मधोमध घाला. मध्यात कोरडी सुरी म्हणजे कडेचं गेलं असं धरा.

---

बावड्याच्या_काकू

मी मोदकपात्रात करते, खालच्या भांड्यात पाणी आणि वर चाळणीत डबा. पाणी डब्याला लागतच नाही, तरी छान होतं. मग पाण्यात डबा बुडवायची गरज काय?

आणि एक विचारायचंय. साखरेऐवजी आपला गूळ घालून करायचा असतो मला, पण प्रत्येक वेळी मिश्रण फाटल्यासारखं दिसतं. भोकं नसतात, पण खाताना रवाळ लागतं. आमच्याकडं दूध गंगावेशीतून येतं, घट्ट म्हशीचं. दुधाचा तर दोष नाही ना?

---

ओटा_आणि_आधण

काकू, मोदकपात्र चालतं. आच बारीक आणि झाकणाला फट असेल तर नुसत्या वाफेवरही गुळगुळीत होतं. फरक एवढाच की पाणी डब्याभोवती असलं तर ते उष्णतेचा चढउतार सावरून घेतं. नुसत्या वाफेवर गॅस जरा वाढला तरी पुडिंगला लगेच लागतो. सवय असलेल्या हाताला मोदकपात्र ठीक, नवख्याला पाणी बरं.

दुधाचा दोष नाही. घट्ट म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त, त्यानं पुडिंग उलट मऊ लागतं. रवाळपणा गुळाचा. गुळात थोडा आंबटपणा असतो, कुठल्या गुळात जास्त, कुठल्यात कमी, आणि गरम दुधाला तो लागला की दूध फाटतं. गूळ पाव वाटी पाण्यात विरघळवून, गाळून, पूर्ण गार करा. दूधही गारच घ्या, अंड्यांत आधी दूध आणि शेवटी गुळाचं पाणी. तेवढं पाणी दुधातून कमी करा. तरीही वाफेवर ८० पर्यंत तापताना फाटायची शक्यता राहते.

---

हर्षद_भट्टीवाला

गुळासाठी दुधाऐवजी नारळाचं दाट दूध घेऊन बघा. ते आंबटपणाला दुधासारखं फाटत नाही. श्रीलंकेत वट्टलप्पम म्हणून अंडी, नारळाचं दूध आणि तिथला माडाचा गूळ घालून वाफवलेला पदार्थ करतातच. वेलदोडा, जायफळ घालतात. मात्र त्याला थोडी जाळी असलेली चालते, कॅरॅमल पुडिंगसारखा तुकतुकीतपणा त्यात शोधू नका.

---

बावड्याच्या_काकू

नारळाचं दूध म्हणजे मग चव वेगळीच होणार. मला दुधातच हवंय. चिमूटभर सोडा घातला तर?

---

ओटा_आणि_आधण

सोड्यानं आंबटपणा मरतो हे खरं, बासुंदीत गूळ घालताना काही जणी घालतात. पण पुडिंगमध्ये सोड्यानं रंग काळपट होतो आणि जरा जास्त झाला तर साबणासारखी चव येते. मी घालायला सांगणार नाही. गूळ फक्त तळाला वापरा आणि पुडिंग साखरेचंच ठेवा, हा मधला मार्ग.

---

निपाणीहून_नीता

मला बारीक आच पटत नाही. लहान वाट्यांत मिश्रण घालून, पाणी खळखळ उकळल्यावर वाट्या ठेवते, मोठ्या आचेवर ३ मिनिटं, मग गॅस बंद आणि झाकण न उघडता १२-१५ मिनिटं. एकही भोक नाही, वेळ आणि गॅस दोन्ही वाचतं. एवढा पाऊण तास कशाला?

---

हर्षद_भट्टीवाला

लहान वाट्यांना ही पद्धत चांगलीच आहे. जपानी आणि चिनी घरांत वाफवलेली अंडी साधारण अशीच करतात, आधी जोराची वाफ आणि मग मंद. वाटीत १०० मिली असतं, उंची कमी, त्यामुळं तीन मिनिटांत कड तापते आणि बंद झाकणाखालची उतरती उष्णता मध्याला पुरते. स्वातीताईंच्या डब्यात ७०० मिलीच्या वर मिश्रण आहे. तिथं गॅस बंद केल्यावर उरलेली उष्णता मध्यापर्यंत पोचणार नाही, आणि पोचावी म्हणून आधीची मोठी आच वाढवली तर कड जाणार. शिवाय वाट्या चिनीमातीच्या आहेत का स्टीलच्या, त्यावरही ३ मिनिटं कमी-जास्त होतील.

---

निपाणीहून_नीता

चिनीमातीच्या, जाड. स्टीलमध्ये केलं नाही.

---

राजारामपुरी_७वी_गल्ली

अंड्यांची संख्या कमी केली तर अजून मऊ होईल ना? ३ घातली तर?

---

ओटा_आणि_आधण

वाटीतच चमच्यानं खायचं असेल तर ५०० मिलीला ३ अंडी पुरतात, खूप मऊ होतं. ६ इंची डब्यातून उलटून उभं राहायला हवं असेल तर ३ वर भरवसा नाही, कड ढासळते. मऊपणा हवा असेल तर ३ अख्खी अंडी आणि २ पिवळे बलक घ्या. पांढऱ्यानं घट्टपणा येतो आणि जास्त झाला तर चिवटपणाही पांढऱ्याचाच. पिवळ्यानं मिश्रण दाट, मऊ होतं. स्वातीताईंची ५ अख्खी अंडी आणि आटलेलं दूध, म्हणजे पांढरं जरुरीपेक्षा जास्तच होतं.

---

शाहूपुरीची_स्वाती

सगळ्यांचे आभार. ओट्यावरच्या ताईंच्या प्रमाणानं केलं. दूध उकळून मोजलं तर अर्ध्या लिटरचं ४४० च भरलं, वरून थोडं घालून ५०० केलं. ४ अंडी टरफलाशिवाय १९० ग्रॅम.

कड आणि तळ एकदम स्वच्छ, एक भोक नाही, ताटात वेगळं पाणी नाही. सुरीनं कापल्यावर काप तुकतुकीत निघाला. वेळ ४८ मिनिटं लागली.

एक गोष्ट राहिली. वरच्या बाजूला, म्हणजे उलटल्यावर जी खाली जाते तिथं, उथळ खड्डे होते, प्रत्येकी डाळीएवढे. खाली आत भोक जात नाही, नुसते वरवरचे. आणि मधोमध एका जागी पाणचट. फॉइल संपली होती म्हणून डबा उघडाच होता, वर फक्त ताट.

---

राजारामपुरी_७वी_गल्ली

फेस काढायचा राहिला असणार.

---

ओटा_आणि_आधण

फेस असता तर बारीक, गोल, दाटीवाटीनं फुगे दिसले असते. उथळ खड्डे आणि मध्ये पाणचट, हे ताटावरून पडलेल्या थेंबांचं काम. वाफ थंड ताटाला लागून पाणी होतं, ते ताटाच्या मधोमध जमून खाली टपकतं. मिश्रण धरायच्या आधी थेंब पडला तर तिथं पातळ होतं, धरल्यावर पडला तर खड्डा राहतो. फॉइल नसेल तर डब्याच्या काठावर नीट बसणारी छोटी ताटली ठेवा, किंवा कुकरच्या ताटाला आतून फडकं बांधा आणि फडक्याची टोकं वर गाठ मारून घ्या. टोकं खाली लोंबली तर गॅसला लागतील, तेवढं जपा.

४८ मिनिटांवर काढल्यावर डबा पाण्यातून लगेच बाहेर घेतला होतात ना?

---

शाहूपुरीची_स्वाती

हो, लगेच ओट्यावर जाळीवर ठेवला. गार झाल्यावर रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी कडेनं सुरी फिरवून उलटला, कॅरॅमल बरंचसं सुटून खाली वाहिलं, थोडं डब्याला चिकटून राहिलं.

---

हर्षद_भट्टीवाला

रात्रभर ठेवलंत ते योग्य. कडक झालेलं कॅरॅमल पुडिंगच्या ओलाव्यानं हळूहळू विरघळतं, चार तासांत उलटलं तर बरंच डब्यातच राहतं. जे चिकटून राहिलं ते वाया गेलं असं समजू नका, डब्यात दोन चमचे पाणी घालून मंद गॅसवर धरा, सुटेल. ते गार करून वरून ओता. उलटण्यापूर्वी डब्याचा तळ अर्धा मिनिट गरम पाण्यात टेकवला तरी चालतं.

---

पैलवान_खवय्या

पुडिंगमध्ये एक चमचा कस्टर्ड पावडर घातली तर गॅस थोडा जास्त झाला तरी चालंल का? कुणीतरी सांगितलंय मला.

---

ओटा_आणि_आधण

दादा, प्रश्न चांगला आहे. पिठानं अंडी फाटायला उशीर होतो, हे खरं. पण पीठ नीट फुलायला उकळीजवळची उष्णता लागते आणि आपण तर ८० ला थांबतो. मग पीठ अर्धकच्चं राहतं, जिभेला पिठूळ लागतं. शिवाय पिवळ्या बलकात पीठ मोडणारा घटक असतो, उकळी न दिल्यास तो तसाच राहतो आणि दाटपणा टिकत नाही. वाफेच्या पुडिंगला पावडर नको.

---

बावड्याच्या_काकू

स्वाती, फडकं बांधून केलंस की वरची बाजू कशी आली ते लिही गं. माझ्या मोदकपात्राचं झाकण उभट आहे, त्यामुळं थेंब कडेनं ओघळतात, मध्ये पडत नाहीत असं मला वाटतं. आणि गुळाचं मी गार दुधात करून बघणार आहे, यंदाचा नवा गूळ आणि जुना, दोन्ही वेगवेगळे घालून.

---

हर्षद_भट्टीवाला

काकू, दोन्ही गुळांचं वजन आणि पाणी सारखंच ठेवा, आणि एकाच आचेवर एकाच वेळी दोन वाट्यांत लावा. नाहीतर रवाळपणा गुळाचा का आचेचा, ते कळणार नाही.